एका मीटिंगचा गोषवारा, तीनदा लिहिलेला

## पार्श्वभूमी

एका संस्थेत ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्याची जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करायची होती. ग्राहक मदत, आयटी, लेखा आणि मजकूर अशा चार विभागांचा त्यात हात होता. समन्वयाचं काम जिच्याकडे होतं, ती संस्थेत येऊन दीड वर्षच झालेली. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं, आणि ज्यांच्याकडून कामं करून घ्यायची ते सगळे तिच्याहून वयाने आणि हुद्द्याने मोठे. मी मजकूर विभागातून त्या मीटिंगला बसले होते, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहिलं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, आणि गोषवाऱ्यातली वाक्यं तेवढा बदल सोडून जशीच्या तशी दिली आहेत.

मीटिंग सोमवारी झाली. बोलावलेले अकरा, आलेले आठ. ५५ मिनिटांत नऊ कामं निघाली. प्रणाली बदलायला १९ दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी एमओएम, म्हणजे मीटिंगचा गोषवारा, सगळ्या अकरा जणांना गेलं आणि विभागप्रमुख सीसीमध्ये होते.

त्यातल्या या ओळी:

> १. ग्राहक मदत विभागाने दुबार नोंदी तातडीने काढून टाकाव्यात.
> २. आयटी विभागाने बॅकअप घेऊन कळवावे.
> ३. लेखा विभागाने जुन्या परताव्यांची यादी शुक्रवारपर्यंत सादर करावी.
> ४. सर्वांनी लॉगिन लागणाऱ्यांची नावे पाठवावीत. विलंब झाल्यास संबंधित विभाग जबाबदार राहील.
> ५. ग्राहकांना पाठवायच्या संदेशास कायदेशीर सल्लागारांची मंजुरी घेण्यात यावी.

खाली एक तक्ता होता. त्यातल्या एका रकान्याचं नाव ‘जबाबदार व्यक्ती’, आणि तारखा लाल, ठळक.

## अडचण

तासाभरात ग्राहक मदत विभागाच्या प्रमुख मॅडमचं उत्तर आलं, सगळ्यांना: “दुबार नोंदींचं काम आम्ही स्वतःहून घेतलं होतं. इथे ते आम्हाला सुनावल्यासारखं लिहिलं आहे. कामं वाटून देण्याचं कधी ठरलं?” लेखा विभागातले ज्येष्ठ सहकारी मीटिंगला नव्हतेच. त्यांनी मेलला उत्तर दिलं नाही, थेट आपल्या प्रमुखांना फोन केला. आयटीकडून काहीच आलं नाही. ते गप्प आहेत म्हणजे त्यांचं ठीक आहे, असं तिने धरलं. हे धरणं पुढे महागात पडलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती. “मी काय चुकीचं लिहिलं? जे ठरलं तेच लिहिलंय ना?”

मजकुराच्या दृष्टीने बरंचसं बरोबर होतं. अडचण क्रियापदांत होती. बोलताना ही मुलगी “मॅडम, तेवढं दुबार नोंदींचं होईल ना?” असं म्हणते. लिहायला बसली की मात्र ‘काढून टाकाव्यात’, ‘सादर करावी’, ‘घेण्यात यावी’. यात तिचा एकटीचा दोष नाही. मराठीत कामाचं लिहायचं म्हटलं की आपल्यासमोर परिपत्रक येतं. शाळेच्या सूचनाफलकापासून सरकारी पत्रापर्यंत जे वाचलं, ते ‘करावे’वर संपणारं. औपचारिक लिहिणं म्हणजे विध्यर्थ लावणं, असा हात बसून गेलेला असतो. पण ‘विभागाने करावे’ हे वाक्य कोणीतरी वरून खाली बोलतो तेव्हाच शोभतं. खालून वर किंवा बरोबरीत गेलं की ते आगाऊ वाटतं.

‘जबाबदार’चंही तसंच. इंग्रजी तक्त्यातून तो शब्द सहज उचलला जातो, पण मराठी कार्यालयात ‘जबाबदारी निश्चित करणे’ याचा अर्थ काहीतरी बिनसल्यावर कोणाला धरायचं ते ठरवणं. रकान्याला ते नाव दिलं की काम सुरू व्हायच्या आधीच चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि ‘विलंब झाल्यास संबंधित विभाग जबाबदार राहील’ ही ओळ तिने जुन्या नमुन्यातून तशीच घेतली होती. मीटिंगमध्ये असं कोणी बोललं नव्हतं.

## पहिली दुरुस्ती, जी माझी होती

इथे चूक माझी आहे. मला वाटलं, सूर कडक आहे तर मऊ करू. बुधवारी आम्ही दुसरी आवृत्ती पाठवली:

> दुबार नोंदी शक्य झाल्यास काढल्या गेल्या तर बरं होईल.
> बॅकअप घेतला जाईल.
> परताव्यांच्या यादीबाबत लेखा विभागाने कृपया सवडीने बघावे.
> लॉगिनसाठी सर्वांनी नावं कळवल्यास मदत होईल.

राग निवळला. मॅडमनी ‘धन्यवाद’ असं उत्तरही दिलं. मला वाटलं, जमलं.

पुढच्या सोमवारी आढावा झाला तेव्हा नऊपैकी तीनच कामं हलली होती. आयटीच्या गृहस्थांना बॅकअपबद्दल विचारलं तर ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “‘घेतला जाईल’ असं लिहिलं होतं, मला वाटलं सर्व्हरवाली बाहेरची मंडळी घेणार.” लॉगिनची नावं चारपैकी दोन विभागांकडून आली होती. उरलेल्या दोघांना वाटलं होतं की यादी मध्यवर्ती कोणीतरी काढेल. परताव्यांची यादी अर्थातच ‘सवडीने’ होती, आणि सवड झाली नव्हती. १९ पैकी सात दिवस गेले, बारा उरले.

मऊ करण्याच्या नादात मी प्रत्येक वाक्यातला माणूस काढून टाकला होता. कर्मणी प्रयोगाची हीच खोड आहे. ‘बॅकअप घेतला जाईल’ हे वाक्य ऐकायला सौम्य लागतं, कारण त्यात कोणाला काही सांगितलेलंच नसतं. ‘शक्य झाल्यास’ने तारीख काढून घेतली, ‘सर्वांनी’ने नावं. ‘कृपया’ने तर उलटं काम केलं. ‘कृपया बघावे’ म्हणजे ‘कृपया नोंद घ्यावी’चा भाऊ, विध्यर्थ तसाच राहिला आणि वर सूचनाफलकाचा वास आला. लेखा विभागातल्या ज्येष्ठांचा राग त्यामुळे कमी झालाच नव्हता, हे नंतर कळलं.

## समोर असलेले पर्याय

सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. चार रस्ते दिसत होते.

एक, पहिलाच मजकूर ठेवायचा, पण विभागप्रमुखांच्या नावाने पाठवायचा. करावे-करावेला मग अधिकार मिळतो. तिने स्वतःच हा पर्याय फेटाळला. प्रत्येक एमओएमला प्रमुखांची सही लागली तर समन्वयक म्हणून तिचं काय उरतं? शिवाय मॅडमची तक्रार अधिकाराबद्दल वरवरची होती, आतली वेगळी होती. ती पुढे येते.

दोन, गोषवाऱ्यात कामं लिहायचीच नाहीत, ज्याला त्याला वेगळा निरोप करायचा. लहान गटात हे छान चालतं. इथे मात्र एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून होतं. नमुना नोंदी तपासायच्या तर दुबार नोंदी आधी मार्गी लागायला हव्यात. कोण काय करतोय हे सगळ्यांना एका जागी दिसणं गरजेचं होतं.

तीन, वाक्यंच नकोत, फक्त तक्ता: काम, नाव, तारीख. तक्त्याला सूर नसतो असं मलाही वाटायचं. पण असतो. मीटिंगला न आलेल्या माणसाला तक्त्यात अचानक आपलं नाव आणि तारीख दिसली, तर ते कुठल्याही ‘करावे’पेक्षा जास्त लागतं, कारण त्यात ‘तुम्हाला विचारलं नाही’ एवढंच उघडं राहतं.

चौथा रस्ता तिच्या वहीतून निघाला. मी सहज विचारलं, “मॅडम नेमकं काय म्हणाल्या होत्या?” तिने पान उलटलं. मॅडमचे शब्द लिहिलेले होते: ‘दुबारचं आमच्याकडे द्या, आमची मुलं ओळखतात ग्राहकांना.’ त्यांनी काम मागून घेतलं होतं. गोषवाऱ्यात ते लादलेलं दिसत होतं. त्यांच्या मेलमधलं पहिलं वाक्य तेच सांगत होतं, आम्ही दुसऱ्यावरच अडकलो होतो.

तेव्हा ठरवलं की मऊ-कडक हा विचार सोडायचा. प्रत्येक कामाबाबत मीटिंगमध्ये खरोखर काय झालं, तेवढंच वाक्यातून दिसलं पाहिजे.

## नऊ कामांचे ढीग

वही समोर ठेवून प्रत्येक कामापुढे लिहिलं, कोण काय बोललं. चार ढीग झाले.

स्वतः मागून घेतलेली कामं चार: दुबार नोंदी (ग्राहक मदत), बॅकअप (आयटी), ग्राहकांना पाठवायच्या संदेशाचा मसुदा (मी), आणि २० नमुना नोंदी नव्या प्रणालीत नीट आल्या का ते तपासणं (ती स्वतः). विचारल्यावर ‘हो’ म्हटलेली दोन: लॉगिनची नावं आणि जुन्या फॉर्मची लिंक काढणं. गैरहजर माणसावर पडलेली दोन: परताव्यांची यादी आणि कायदेशीर मंजुरी. आणि कोणाचंच नसलेलं एक, नव्या प्रणालीचं प्रशिक्षण. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली होती आणि शेवटी सगळे माना डोलवून उठले होते. पहिल्या आवृत्तीत या कामापुढे ‘सर्व विभाग’ असं लिहिलं होतं.

बॅकअपशी आम्ही थांबलो. वहीत आयटीचे शब्द होते, ‘बॅकअपचं बघतो.’ आता हे काम मागून घेतलंय की नाही? मराठीत ‘बघतो’चा अर्थ ‘करतो’ही होतो आणि ‘करता येईल का याचा विचार करतो’ही होतो. कधीकधी ‘आता विषय बदला’ असाही होतो. असं वाक्य गोषवाऱ्यात ‘करणार आहेत’ म्हणून लिहिलं तर आपण त्यांच्या तोंडी शब्द घातले, आणि ‘बघणार आहेत’ लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. तिने उठून फोन केला. दोन मिनिटांत कळलं की बॅकअप ते घेऊ शकतात, पण तो रात्रीच घ्यावा लागेल आणि त्यासाठी जुनी प्रणाली दोन तास बंद ठेवावी लागेल. ही गोष्ट ना पहिल्या आवृत्तीत होती, ना दुसऱ्या.

दुसरा फोन लेखा विभागातल्या ज्येष्ठांना. हा फोन तिला नको होता. मी आग्रह धरला, कारण त्यांच्याबाबत दोनदा चुकलो होतो. ती म्हणाली, “सर, तुम्ही मीटिंगला नव्हता आणि तुमच्या नावावर यादीचं काम लिहिलं गेलं, ते मी आधी विचारायला हवं होतं.” मग यादी कशासाठी लागते ते सांगितलं. त्यांनी तेव्हा हो-नाही काही म्हटलं नाही, “लिहून पाठव, पाहतो” एवढंच.

## तिसरी आवृत्ती

मंगळवारी हे गेलं. पुरतं देते, कारण फरक शब्दाशब्दात आहे.

> नमस्कार,
> सोमवारच्या दोन्ही मीटिंगमध्ये जे ठरलं ते खाली आहे. बॅकअपचा तपशील काल फोनवर पक्का केला.
>
> ठरलेली कामं
> नमुना तपासणी: २० नोंदी मी निवडून ठेवल्या आहेत. दुबार नोंदींचं काम झालं की दुसऱ्या दिवशी तपासून कळवते.
> दुबार नोंदी: ग्राहक मदत विभागाने हे काम घेतलं आहे. ग्राहकांची ओळख त्यांनाच असल्याने कोणती नोंद खरी ते तेच ठरवतील. गुरुवार संध्याकाळ ६ पर्यंत काढणार आहेत.
> बॅकअप: आयटी विभाग बुधवारी रात्री १० ते १२ घेणार आहे. या वेळेत जुनी प्रणाली बंद राहील.
> संदेशाचा मसुदा: मजकूर विभाग बुधवारी दुपारपर्यंत देणार आहे.
> लॉगिनची नावं: ग्राहक मदत आणि आयटीची आली आहेत. लेखा आणि मजकूर विभागांची गुरुवारी दुपारी ४ पर्यंत मिळाली की शुक्रवारी सगळ्यांची लॉगिन एकदम बनवता येतील.
> जुन्या फॉर्मची लिंक: आयटी विभाग प्रणाली बदलण्याच्या आदल्या दिवशी काढणार आहे.
>
> विनंती (मीटिंगला नसलेल्यांना)
> लेखा विभाग: जुन्या परताव्यांची यादी तुमच्याकडून मिळू शकेल का? ती नसेल तर अर्धवट राहिलेले परतावे नव्या प्रणालीत दिसणार नाहीत. आम्हाला ती पुढच्या मंगळवारपर्यंत हवी आहे. ही तारीख जमणार नसेल तर कोणती जमेल ते सांगाल का?
> कायदेशीर सल्लागार: बुधवारी मसुदा तुमच्याकडे येईल. पाहायला किती दिवस लागतील?
>
> अजून कोणाकडे नाही
> प्रशिक्षण. पुढच्या मीटिंगमध्ये पहिला विषय हाच घेऊ.
>
> माझ्याकडून काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर उद्या दुपारी ३ पर्यंत सांगा, दुरुस्त करून पुन्हा पाठवते.

आता यातल्या काही निवडींबद्दल.

‘करतील’ की ‘करणार आहेत’ यावर आमचा वाद झाला. ती म्हणत होती दोन्ही भविष्यकाळच. व्याकरणाने खरं आहे. पण ‘आयटी विभाग बॅकअप घेईल’ हे आदेशातलं वाक्य वाटतं. लिहिणाऱ्याने ठरवलं आणि आता ते घडेल. ‘घेणार आहे’ म्हटलं की ठरवणारा आयटी विभाग होतो, आपण फक्त ऐकलेलं सांगतो. दुबार नोंदींच्या ओळीत एक ‘ठरवतील’ मुद्दाम ठेवला आहे, कारण तिथे आपण त्यांना हक्क देतोय, काम नाही. त्याच ओळीतलं ‘काम घेतलं आहे’ हे सगळ्या मेलमधलं सर्वांत कामाचं वाक्य. मॅडम म्हणाल्या होत्या तेच, त्यांच्या श्रेयासकट.

स्वतःचं काम तिने पहिलं लिहिलं. आधीच्या दोन्ही आवृत्त्यांत तपासणीचं काम तळाशी होतं, ‘समन्वयक’ नावाने. वाचणाऱ्याला वर इतरांची कामं आणि लिहिणारी कुठेच नाही असं दिसलं की मुकादमकीचा वास येतो. सुरुवात ‘मी निवडून ठेवल्या आहेत’ने झाली की यादी सगळ्यांची होते.

तारखेला कारण जोडलं. ‘गुरुवारी ४ पर्यंत’ एवढंच असतं तर ती मुदत तिने घातलेली वाटली असती. ‘मिळाली की शुक्रवारी सगळ्यांची लॉगिन एकदम बनवता येतील’ यामुळे मुदत कामाने घातलेली ठरते. पण कारण प्रत्येक ओळीला लावलं नाही. लिंक आदल्या दिवशी का काढायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथेही कारण दिलं असतं तर समजावून सांगितल्यासारखं झालं असतं, आणि तोही शहाणपणा शिकवण्याचाच एक प्रकार.

नुसतं ‘गुरुवारपर्यंत’ लिहिलं नाही, तेही मुद्दाम. ‘पर्यंत’मध्ये गुरुवार धरायचा की नाही यावर माणसं मनात वेगवेगळं ठरवतात. वेळ घातली की प्रश्न मिटतो, आणि शुक्रवारी सकाळी ‘आलं नाही’ अशी आठवण करण्याची वेळ येत नाही. कितीही गोड लिहा, आठवणीचा निरोप मूळ निरोपापेक्षा टोचतोच.

गैरहजरांसाठी वेगळा भाग केला आणि तिथे प्रश्नचिन्हं ठेवली. ती खरी प्रश्नचिन्हं होती. ‘मिळू शकेल का’ विचारून पुढे ‘मंगळवारी अपेक्षित आहे’ असं लिहिलं असतं तर तो प्रश्नाचा मुखवटा घातलेला हुकूमच झाला असता, आणि लोकांना ते लगेच कळतं. तारीख आपल्याला कधी हवी ते लपवलं नाही, पण ‘नाही’ म्हणायला दार उघडं ठेवलं.

शेवटच्या ओळीत आधी ‘उत्तर न आल्यास मान्य आहे असे समजू’ होतं. ते मी काढायला लावलं. हजर असलेल्यांना ते चाललं असतं, पण जे नव्हते त्यांच्या मौनाला होकार म्हणणं म्हणजे पहिल्या दिवशीची चूक पुन्हा करणं.

रंग आणि ठळक अक्षरं नावांवरून, तारखांवरून काढली. ठळक फक्त तीन मथळे. तक्ता पुढच्या मेलपासून परत आला, रकान्याचं नाव ‘कोणाकडे’ असं ठेवून.

## काय झालं

दुपारी मॅडमचं उत्तर आलं, पुन्हा सगळ्यांना. तिने ते उघडायच्या आधी मला बोलावलं. एकच ओळ होती: “दुबार नोंदी काढणार नाही, एकत्र करणार. काढल्या तर जुना पत्रव्यवहार जाईल.”

पहिल्या आवृत्तीत ‘काढून टाकाव्यात’ होतं, दुसरीत ‘काढल्या गेल्या’, तिसरीतही ‘काढणार आहेत’. चूक तिन्ही वेळा तीच. पहिल्या वेळी मॅडमचं सगळं लक्ष सुराने खाल्लं, दुसऱ्या वेळी वाक्यात त्या नव्हत्याच, म्हणून त्यांनी ते वाचलं नसावं. तिसऱ्या वेळी त्या मजकुराकडे पाहू शकल्या. दुरुस्त करून अर्ध्या तासात पुन्हा पाठवलं.

लेखा विभागातल्या ज्येष्ठांनी गुरुवारी लिहिलं की पूर्ण यादी त्या मुदतीत होणार नाही, शेवटच्या सहा महिन्यांची देता येईल. वरवर पाहता हा नकार. आमच्या दृष्टीने हे सगळ्या प्रकरणातलं चांगलं उत्तर होतं, कारण ते मुदतीच्या आधी आलं आणि सहा महिन्यांची यादी पुरेशी होती. त्याआधीच्या परताव्यांत अडकलेलं काही नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं. सल्लागारांनी तीन दिवस मागितले.

त्यापुढच्या सोमवारी नऊपैकी सहा कामं झालेली होती. यादी आणि लिंक आपापल्या तारखेची वाट पाहत होत्या. प्रशिक्षणाला चार मिनिटांत माणूस मिळाला. ‘अजून कोणाकडे नाही’ हा मथळा आठवडाभर सगळ्यांसमोर होता, त्याचा थोडा संकोच झाला असावा. प्रणाली ठरल्या शनिवारी बदलली. एका आतल्या पानावर जुन्या फॉर्मची लिंक दोन दिवस तशीच राहिली. गोषवाऱ्यात लिंक ‘एक’ असल्यासारखी लिहिली होती. ती किती पानांवर आहे हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. वाक्यरचना सुधारून हे सुटलं नसतं.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या मंगळवारी मॅडमचा मेल आला तेव्हाच त्यांना फोन करायला हवा होता. आम्ही मेलला मेलने उत्तर दिलं आणि सूर दुरुस्त करत बसलो. पाच मिनिटांच्या फोनमध्ये ‘आम्ही स्वतःहून घेतलं होतं’ हे कळलं असतं आणि एक आठवडा वाचला असता.

दुसरं, ढीग मीटिंगमध्येच पाडता आले असते. आता ती शेवटची पाच मिनिटं राखून ठेवते आणि कामं मोठ्याने वाचते: “दुबारचं मॅडमकडे, गुरुवार संध्याकाळ. बरोबर?” तिथे कोणी कुरकुरलं तर तिथेच कळतं. गोषवारा मग माणसांनी ऐकलेलंच सांगतो, त्यात कोणाला धक्का बसण्यासारखं काही उरत नाही. गैरहजर माणसाचं नाव निघालं की ती आधी फोन करते, मग लिहिते.

सीसीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. पहिल्याच मेलमध्ये विभागप्रमुख सीसीत नसते तर लेखा विभागातले ज्येष्ठ इतके दुखावले असते का, शंका आहे. तिसऱ्या आवृत्तीतही प्रमुख सीसीत होते आणि काही झालं नाही. पण एकदा सुरू केलेलं सीसी मध्येच बंद केलं की त्याचाही अर्थ काढला जातो, म्हणून आम्ही हात लावला नाही.

एका ठिकाणी ही पद्धत वापरायची नाही असं ठरवलं. प्रणाली बदलण्याच्या आदल्या शुक्रवारपासून जुन्या प्रणालीत नवी नोंद करायची नाही, हा विभागप्रमुखांचा निर्णय होता आणि त्यावर चर्चा झाली नव्हती. तो ‘सर्वांचं ठरलं’ म्हणून लिहिणं खोटेपणा झाला असता. तिने लिहिलं, “विभागप्रमुखांनी सांगितलं आहे की शुक्रवारपासून जुन्या प्रणालीत नवी नोंद करू नये.” इथे ‘करू नये’ जागच्या जागी आहे, कारण सांगणारा कोण ते वाक्यातच आहे. हुकूम असेल तर हुकूमच दिसावा, फक्त तो ज्याचा आहे त्याच्या नावाने.

आयटीचे गृहस्थ अजूनही प्रत्येक मीटिंगमध्ये ‘बघतो’ म्हणतात. ती आता पेन वहीवरच ठेवून विचारते, “बघता म्हणजे करता, की करता येईल का ते कळवता?” परवा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “कळवतो. बुधवारी.” वहीत तेच गेलं आणि गोषवाऱ्यातही: ‘सर्व्हरची जागा वाढवता येईल का ते आयटी विभाग बुधवारी कळवणार आहे.’